पेरणीत बैलाचा खांदा सुजतो तेव्हा: कारण शोधण्यापासून पुन्हा जुंपण्यापर्यंत

पेरणीचा सहावा दिवस होता. हरण्या जू पुढे केल्याबरोबर मान खाली घालणारा बैल. त्या सकाळी जू दिसताच त्याने मान बाजूला वळवली, दुसऱ्यांदाही वळवली. तिसऱ्या वेळी मी पुचकारून जुंपलं. दुपारी सोडलं तेव्हा वशिंडाच्या पुढे, मानेच्या माथ्यावर जरा उजवीकडे लिंबाएवढा फुगवटा होता. हात लावला तर गरम, आणि जरा दाबलं की तो पाय मागे घ्यायचा.

सकाळीच थांबायला हवं होतं. हरण्याने जे सांगायचं ते दोनदा सांगितलं होतं.

खांदेसुजीवर औषध काय, हे सगळे विचारतात. औषधाचा भाग खरं तर सोपा आहे. अवघड असतं ते सूज का आली हे शोधणं, कारण ते कारण बऱ्याचदा खांद्यावर नसतंच. हरण्याच्या सुजेचं कारण त्याच्या जोडीदाराच्या खुरात सापडलं. म्हणून या लेखात खांद्यापासून सुरुवात करून जू, खूर, खाणं आणि विश्रांती या सगळ्यांकडे मी त्याच नजरेने पाहिलं आहे.

खांदा रोज कसा तपासायचा

डोळ्यांना दिसेपर्यंत सूज एक-दोन दिवस जुनी झालेली असते. तळहाताला ती आधी कळते. बैल सोडल्यावर मानेवरची धूळ-घाम ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि तळहात सपाट ठेवून वशिंडापासून कानांकडे हळूहळू सरकवा. एवढ्यात तीन गोष्टी समजतात. एखादी जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, तिथली कातडी नेहमीसारखी चिमटीत येते का, आणि हात तिथे पोचल्यावर बैल कातडी थरथरवतो किंवा मान चोरतो का.

त्यानंतर केस पाहा. नीट बसणाऱ्या जुवाखाली केस रुंद पट्ट्यात सारखे दबलेले असतात. त्या पट्ट्यात रुपयाएवढी जागा चकाकत असेल, केस तुटलेले असतील किंवा कातडी ओलसर दिसत असेल, तर सगळा भार त्या एका जागेवर येतोय. हे वेळीच दिसलं तर निम्मं काम झालं, कारण इथपर्यंत एक-दोन दिवस विश्रांती आणि जुवाची दुरुस्ती एवढ्यावर भागतं.

दिवसातून दोनदा तपासा, दुपारी सोडल्यावर आणि संध्याकाळी. दुपारची तपासणी जास्त मोलाची, कारण तेव्हा उरलेला अर्धा दिवस रद्द करता येतो.

सूज आली, आता काय

पहिलं काम म्हणजे त्या बैलाला जुवाखालून पूर्ण बाहेर काढणं. हलकं कामही नको. मऊ कापड गुंडाळून अर्धा दिवस चालवून घेण्याचा मोह होतो, पण कापड घामाने भिजतं, गोळा होतं आणि त्याची घडीच नवीन टोचणी बनते. सुजेवर जू ठेवून एक दिवस काम घ्याल तर पुढे तीन-चार दिवस जादा बसावं लागेल.

पहिले दोन दिवस गार पाणी. जाड फडकं गार पाण्यात भिजवून १५ ते २० मिनिटं सुजेवर ठेवायचं, मधे मधे पुन्हा भिजवायचं. असं दिवसातून तीन-चार वेळा. या दिवसांत चोळायचं नाही. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, चोळण्याने रक्त आणखी पसरतं.

तिसऱ्या दिवसापासून, सूज वाढायची थांबली असेल तर, गरम शेक. एक लिटर गरम पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे औषधी दुकानात मिळणारं एप्सम मीठ, विरघळेल तेवढं विरघळवा. पाणी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच गरम हवं. फडकं भिजवून, पिळून, १५ ते २० मिनिटं शेक द्यायचा, दिवसातून दोन-तीनदा. मग जागा कोरडी करायची. शेक फक्त अखंड कातडीवर. कातडी फुटली असेल तर शेक बंद करून जखमेची वाट धरायची, ती पुढे सांगतो.

सूज कुठल्या वाटेने चालली आहे हे चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत हाताला कळू लागतं. गरमपणा कमी झाला, कड पुसट झाली, दाबल्यावर बैल शांत राहिला, तर ती उतरते आहे. ती पाण्याच्या पिशवीसारखी लिबलिबीत झाली तर आत पाणी, रक्त किंवा पू साठलाय. या वेळी घरी ब्लेड मारणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पू पिकलेला नसताना, आत नुसतं रक्त असताना ती जागा उघडली तर बरी होऊ शकणारी सूज महिनाभर वाहणारी जखम होते. आत काय आहे हे पशुवैद्य सुईने पाहून ठरवतो, आणि फोडायचीच असेल तर छेद असा घेतो की पू खाली निथळेल आणि व्रण जुवाखाली येणार नाही.

तिसरी वाट म्हणजे गाठ. दुखत नाही, गरम नाही, पण कडक. वारंवार दुर्लक्ष झालेल्या सुजेची ती शेवटची अवस्था. आयोडीनच्या मलमाने कोवळी गाठ काही वेळा मऊ पडते. जुनी गाठ मलमाने जात नाही, ती शस्त्रक्रियेने काढावी लागते आणि त्यासाठी बिनकामाचे महिने निवडावे लागतात. डाग देणं, बॅटरीचं पाणी लावणं, जळकं इंजिन ऑइल चोपडणं हे उपाय अजून चालतात. त्यांनी गाठ जात नाही. कातडी भाजते, तिथे कडक व्रण तयार होतो आणि त्या व्रणावर जू कधीच नीट बसत नाही.

कातडी फुटली असेल तर

एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दोन सपाट छोटे चमचे मीठ घाला. या पाण्याने जखम ओतत धुवायची, घासायची नाही. केस आत जात असतील तर कडेचे कापून टाका. मग पोव्हिडोन आयोडीन लावा आणि जखम उघडी, कोरडी ठेवा. जखमेच्या भोवती, जखमेत नव्हे, कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल लावलं की माश्या कमी बसतात.

पावसाळ्यात खरा धोका माश्यांचा. माशीने अंडी घातली की दिवसाभरात अळ्या होतात. जखमेतून पातळ लालसर पाणी, कुजका वास, बैलाचं सारखं मान झटकणं आणि जखमेत बारीक हालचाल दिसली की आसड्या पडल्या समजा. त्या चिमट्याने काढता येतात, पण खोल गेलेल्या राहून जातात. म्हणून तेव्हा पशुवैद्याला बोलवाच. अळ्यांवरचं इंजेक्शन आणि जखमेची आतून सफाई एकाच भेटीत होते.

खपली धरल्यावर लगेच जू ठेवायचं नाही. खपली गळून खालची कातडी गुलाबी न राहता आजूबाजूसारखी जाड होईपर्यंत थांबायचं.

कारण शोधणं

हरण्याला बाजूला केलं आणि मी जू उन्हात नेऊन पाहिलं. कड गुळगुळीत होती, फट नव्हती. शिवळांमधलं अंतर बरोबर होतं. बैलाची मान मधे बसल्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं मोकळी राहत होती. याहून कमी जागा असेल तर शिवळ मानेला घासते, फार जास्त असेल तर मान आडवी सरकत राहते. सापती गळ्याला आवळत नव्हती, तळहात आडवा घालता येत होता. जू निर्दोष ठरलं.

जू दोषी असतं तेव्हा ते शोधायची एक साधी युक्ती आहे. बैलाच्या मानेवर खडूची भुकटी किंवा बारीक चाळलेली राख पातळ पसरा, जू ठेवा, रिकाम्या औतासह पंचवीस-तीस पावलं चालवा आणि अलगद उचलून खालची बाजू पाहा. पांढरा पट्टा रुंद आणि अखंड हवा. दोन टोकांना ठिपके आणि मधे कोरं असेल तर खोबण मानेपेक्षा सपाट आहे. एकच ठसठशीत ठिपका असेल तर तिथे उंचवटा आहे. तो रंध्याने, मग काचेच्या तुकड्याने किंवा पॉलिश पेपरने उतरवायचा आणि तेल पाजायचं. पावसात भिजलेलं जू सुकताना त्याचे धागे उठतात, म्हणून पेरणीत दर तीन-चार दिवसांनी खोबणीवर बोट फिरवावं. जू रात्री छपराखाली हवं.

मग मी जोडीची उंची मोजली. खांद्याशी दोघांत एक बोटाचा फरक. तेवढं चालतं. फरक तीन-चार बोटांचा असेल तर जू तिरकं राहतं, बुटक्याकडे सरकतं, आणि खांदा त्याचा सुजतो. त्यावर जुवाच्या खोबणीची खोली बदलून थोडं भागतं, फार नाही. जोडीच बदलावी लागते.

शेवटी मी घरातल्या मुलाला पाभर धरायला सांगितली, हरण्याच्या जागी शेजाऱ्यांचा बैल जुंपला आणि स्वतः मागे जाऊन नुसतं पाहत उभा राहिलो. दहा मिनिटांत दिसलं. मोऱ्या, म्हणजे डावा बैल, वीतभर मागे पडत होता. पुढचा डावा पाय टेकला की त्याचं डोकं किंचित वर जायचं. त्यामुळे जू सरळ न राहता उजवं टोक पुढे, डावं मागे असं तिरपं चालत होतं, आणि उजव्या बैलाच्या मानेवर खोबणीची सबंध रुंदी न बसता फक्त मागची कड रुतत होती. सहा दिवस ती कड हरण्याच्या मानेत रुतत राहिली होती.

लंगडणं बारीक असतं तेव्हा पायाकडे पाहून कळत नाही, डोक्याकडे पाहून कळतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचं ढुंगण वर उसळतं आणि पाऊल आखूड पडतं. हे औताच्या मागे चालताना नीट दिसत नाही, कारण तेव्हा नजर तासाकडे असते. आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्याच्या हातात कासरा द्यावा आणि आपण बाजूला उभं राहावं.

खूर

मोऱ्याला पेरणीच्या आठ दिवस आधी पत्र्या मारल्या होत्या, कारण खताच्या गाडीसाठी खडीच्या रस्त्याने जायचं होतं. पाय उचलून प्रत्येक खिळ्यावर छोट्या हातोडीने हलके टोले दिले. बाहेरच्या नखाच्या तिसऱ्या खिळ्यावर त्याने पाय हिसकावला, पुन्हा त्याच खिळ्यावर तेच. खिळा काढला तर टोकाला काळसर ओल होती. खिळा नखाच्या कठीण भिंतीतून बाहेर न निघता आतल्या जिवंत भागाला चाटून गेला होता.

असं झालं की ती पत्री काढायची, खिळ्याचं भोक जरा रुंद करून काळं पाणी निथळू द्यायचं, आयोडीन सोडायचं आणि भोकात आयोडीनचा बोळा घालून पाय चार-पाच दिवस कोरड्या जागी ठेवायचा. मोऱ्या सहाव्या दिवशी नीट पाय टेकू लागला. खुराच्या वर, केसांच्या रेषेपाशी सूज आली, बैल खाणं सोडू लागला किंवा तीन दिवसांत फरक पडला नाही, तर पू वर चढतोय. मग प्रतिजैविकाची गरज असते आणि ते पशुवैद्यानेच ठरवायचं.

पत्री मारून घेताना मी आता काही गोष्टींवर नजर ठेवतो. बैलाच्या प्रत्येक पायाला दोन नखं, प्रत्येक नखाला वेगळी पत्री, म्हणजे एका बैलाला आठ. खिळे नखाच्या बाहेरच्या भिंतीतच हवेत, दोन नखांच्या मधल्या बाजूला कधीही नाही, कारण तिथली भिंत पातळ असते. आधी नखाची वाढलेली टोकं कापायची. केसांच्या रेषेपासून पुढच्या टोकापर्यंत साधारण साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच, राहू द्यायची. तळवा तासताना गुलाबी छटा दिसली की हात थांबला पाहिजे. त्यापुढे रक्त आहे. अंगठ्याने दाबल्यावर तळवा दबत असेल तर आधीच जास्त तासला गेलाय.

बैल पाडताना जमीन मऊ हवी, पोट रिकामं हवं. आदल्या रात्री वैरण कमी आणि सकाळी काही नाही. आडवा पडलेला बैल पोटातला वायू ढेकरेवाटे काढू शकत नाही. म्हणून चारही पायांचं काम पटकन संपवायचं, आणि डावी कूस फुगताना दिसली तर काम अर्ध्यावर सोडून त्याला छातीवर बसवायचं. मारून झाल्यावर तिथेच कठीण जमिनीवर वीस पावलं चालवून बघा. लगेच लंगडला तर लगेच खिळा शोधा. पण दुखावलेला खिळा दोन-तीन दिवसांनीही बोलतो. म्हणून पत्र्या पेरणीच्या निदान दोन आठवडे आधी मारून घ्याव्यात. मी आठ दिवस ठेवले होते, आणि मधल्या चार फेऱ्यांत मोऱ्या मागे पडतोय हे माझ्या ध्यानात आलं नाही.

शेतातच राबणाऱ्या, रस्त्यावर न जाणाऱ्या बैलाला पत्र्यांची गरज नाही. मऊ रानात नखं कमी झिजतात, त्याला कापणी पुरते.

पावसाळ्यात दुसरी अडचण येते. सतत ओल्या चिखलात नखं मऊ पडतात आणि दोन नखांच्या बेचक्यातली कातडी चिरते. रोज संध्याकाळी बेचक्यातला चिखल बोटाने किंवा बोथट काडीने काढा, पाय धुऊन कोरडे करा आणि रात्री उभं राहायला कोरडी जागा द्या. बेचक्यात घाण वास, चीर किंवा पांढरट मऊ कातडी दिसली तर एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद मिसळून त्यात पाय पाच मिनिटं बुडवायचे, आठवड्यातून दोन-तीनदा. पाय आधी स्वच्छ धुतले नाहीत तर शेण-चिखलामुळे मोरचुदाचा जोर जातो. हे पाणी प्लास्टिकच्या घमेल्यात करा आणि नंतर अशा जागी ओता जिथे जनावर तोंड लावणार नाही. मोरचूद पोटात गेला तर विषारी असतो. एकाच वेळी अनेक पायांत फोड, सोबत तोंडातून लाळ आणि ताप असेल तर ते बेचक्याचं दुखणं नाही, लाळ्या खुरकूत आहे. मग जोडी वेगळी बांधा, काम बंद करा. लस वेळेवर देणं हाच त्यावरचा उपाय, आणि तीही पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे लसीनंतरची कणकण कामाच्या आत निघून जाते.

खाणं: आधी वजन, मग माप

खाण्याचा खांद्याशी संबंध सरळ आहे. बैल वाळला की मानेवरचं मांस उतरतं, आधी भरून असलेली खोबण सैल होते आणि जू हाडाजवळ टेकतं. हंगामात चार आठवड्यांनी जू बदललं नसतानाही खांदा लागू लागतो, तो बऱ्याचदा यामुळे.

वजनकाटा नसला तरी अंदाज काढता येतो. शिवणाची टेप पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती घ्या, ते माप इंचात. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. छातीचं माप दोनदा आणि लांबी एकदा गुणायची आणि ६६० ने भागायचं. हरण्याची छाती ७० इंच, लांबी ५८. ७० गुणिले ७० म्हणजे ४९००, त्याला ५८ ने गुणलं की २,८४,२००, आणि ६६० ने भागलं की ४३० किलो. चूक होते, पण दर वेळी सारखीच होते. म्हणून महिन्याभराने पुन्हा मोजलं की बैल वाढतोय की उतरतोय हे नक्की कळतं.

बैलाला वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडं खाद्य लागतं, म्हणजे पाणी वगळून. ४३० किलोच्या बैलाला साधारण ९ ते १०.५ किलो. कामाच्या दिवसांत मी ते असं भागवतो: कडब्याची कुट्टी साडेसहा किलो, हिरवी वैरण १२ किलो, आणि पेंड, चुणी, भरडा मिळून दोन किलो. हिरव्या वैरणीत बहुतेक पाणीच असतं, म्हणून १२ किलो दिसायला भरपूर असली तरी कोरडी मोजली की अडीच-तीन किलोच भरते. सोबत ४० ग्रॅम मीठ आणि ४० ग्रॅम खनिज मिश्रण. घामातून जाणारं मीठ भरून आलं नाही की बैल भिंत आणि दावं चाटू लागतो.

बिनकामाच्या दिवसांत खुराक एक किलोवर येतो, आणि चांगली हिरवी वैरण असेल तर त्याहूनही कमी. चूक होते ती कामाच्या तोंडावर. पेरणी लागली म्हणून एकदम तीन किलो भरडा गव्हाणीत ओतला जातो. पोटातले वैरण पचवणारे जंतू एका दिवसात बदलत नाहीत. एकदम आलेल्या धान्याने पोटात आम्ल वाढतं. शेण पातळ, आंबट वासाचं, त्यात अख्खे दाणे आणि बुडबुडे दिसतात, रवंथ थांबतो. याचा पुढचा फटका खुराला बसतो. नखाच्या आत दाह होतो, बैल पाय बदलत उभा राहतो, चालायला कुरकुरतो, आणि माणसाला वाटतं तो आळस करतोय. म्हणून खुराक दर तीन दिवसांनी पाव किलो, या मापाने वाढवायचा. एक किलोवरून दोनवर जायला बारा दिवस लागतात. पेरणीच्या आधी तेवढे दिवस हातात असतात.

वेळ सांभाळणं मापाइतकंच महत्त्वाचं. जुंपायच्या दोन तास आधी सुकी वैरण आणि पाणी. जुंपण्याच्या तोंडावर खुराक नको. दुपारी सोडल्यावर आधी सावली, दम बसला की पाणी, मग अर्धा खुराक आणि थोडी वैरण. उरलेला खुराक संध्याकाळी, आणि कडब्याचा मोठा वाटा रात्री. पाणी दिवसाला ४० लिटरच्या आसपास, उन्हातल्या कामात ६० च्या पुढेही जातं. ते एकदम पाजण्यापेक्षा चार-पाच वेळा समोर ठेवावं.

विश्रांती मोजून द्यायची

बैल दिवसात सहा ते आठ तास रवंथ करतो, आणि तो औतात चालताना नीट होत नाही. दुपारची सुट्टी तासाभरावर आणली की त्याचं खाणं पोटात पडतं पण अंगी लागत नाही. दुपारी निदान तीन-चार तास सोडलंच पाहिजे, आणि उन्हाळी तापात अकराच्या आत सोडून चारनंतर जुंपावं.

नांगरटीसारखं जड काम दिवसाला चार-पाच तासांपुढे नको. पाभर, कोळपं अशा हलक्या कामाला सहा-सात तास चालतात. दर तासाला दहा मिनिटं उभं करावं, आणि तेवढ्या वेळात जू मानेवरून उचलून धरलं तर दबलेल्या कातडीत रक्त पुन्हा फिरतं. पाचव्या-सहाव्या दिवशी पूर्ण सुट्टी.

दमला का नाही हे अंदाजाने ठरवू नका, श्वास मोजा. जुंपण्याआधी कुशीची हालचाल मिनिटभर मोजून ठेवा. सावलीत शांत उभ्या बैलाची ती साधारण १५ ते ३० भरते. काम थांबवून सावलीत अर्धा तास झाल्यावर पुन्हा मोजा. आकडा सकाळच्या दुपटीखाली आला नसेल तर त्या दिवशी पुन्हा जुंपू नका. तोंडाला फेस, जीभ बाहेर, मागचे पाय फरफटणं, तासातून बाहेर ओढणं ही चिन्हं त्याच्याही पुढची. ती दिसली की तासाच्या टोकापर्यंतही जायचं नाही, उभ्या जागी सोडायचं आणि अंगावर, विशेषतः मान आणि पायांवर, पाणी ओतायचं.

हंगामाची सवयही हळूहळू द्यावी लागते. दोन महिने बसलेल्या बैलाच्या मानेची कातडी मऊ झालेली असते. पेरणीच्या तीन आठवडे आधी रोज अर्धा तास रिकामं औत, मग तास, मग दोन, असं नेत शेवटच्या आठवड्यात तीन-चार तासांवर यायचं. रोज सोडल्यावर मान मिठाच्या पाण्याने पुसून कोरडी केली तर कातडी घट्ट होत जाते.

पुन्हा जुंपताना

हरण्याची सूज नवव्या दिवशी पूर्ण बसली. मी आणखी दोन दिवस थांबलो. बाराव्या दिवशी नुसतं जू मानेवर ठेवून अंगणात चालवलं, तेव्हा त्याने मान स्वतःहून खाली घातली. त्या दिवशी अर्धा तास रिकामं औत, सोडल्यावर हात फिरवला, गरम लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तास, तिसऱ्या दिवशी सकाळचे दोन तास कोळपं. चौथ्या दिवशी जागा किंचित कोमट लागली, म्हणून पाचवा दिवस सुट्टी दिली आणि सहाव्याला पुन्हा दोन तासांवरूनच सुरू केलं. मोऱ्या तोवर डोकं न उडवता चालू लागला होता आणि जू सरळ राहत होतं. मोऱ्या बरा होण्याआधी हरण्याला जुंपलं असतं तर ती सूज आठवड्यात परत आली असती.

खताची गाडी मात्र मी त्या हंगामात हरण्याला दिली नाही. औत मानेला मागे ओढतं, गाडीचं ओझं मानेवर वरून दाबतं, आणि बऱ्या होणाऱ्या खांद्याला हा दाब सर्वांत उशिरा सोसतो. गाडी द्यायचीच असेल तर भरल्यावर धुरा हाताने उचलून पाहा. एका माणसाला जरा जोर लावून उचलता आला तर ओझं बरोबर बसलंय. उचलतच नसेल तर माल मागे सरकवा. हात लावताच वर येत असेल तर गाडी उलार आहे आणि सापती गळा आवळेल, म्हणून माल पुढे घ्या. उतारावर ब्रेक नसलेली गाडी जू मानेवरून शिंगांकडे ढकलते. असा रस्ता वाटेत असेल तर नुकताच बरा झालेला बैल त्या गाडीला जुंपायचा नाही.

एकाच जागी तिसऱ्यांदा सूज आली, किंवा गाठ जुवाच्या पट्ट्यात कायमची राहिली, तर त्या बैलाचं जुवाचं काम थांबवायचं आणि पशुवैद्याकडून शस्त्रक्रियेचं विचारून घ्यायचं. शिंगाच्या बुडाशी किंवा मानेवर न भरणारी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढणारी जखम दिसली तर त्यातही वेळ घालवू नका, ती साधी जखम नसून कर्करोगाची असू शकते.

हरण्याच्या मानेवर आता त्या जागी थोडे पांढरे केस आले आहेत. दुपारी सोडलं की माझा हात आधी तिथेच जातो, आणि मग मोऱ्याचा पुढचा डावा पाय उचलून बघतो.